इंद्रसभेतला हरवलेला अ

वेरूळच्या बत्तिसाव्या लेण्याला इंद्रसभा म्हणतात आणि शेजारच्या तेहेतिसाव्याला जगन्नाथ सभा. दोन्ही जैन लेणी, एकमेकांना खेटून कोरलेली. हत्तीवर बसलेल्या यक्षाला लोकांनी इंद्र समजलं, त्यातून पहिलं नाव पडलं. उत्तरेकडून येणाऱ्या पाहुण्यांसाठी मी वेरूळची माहिती हिंदीत लिहिली आणि संगणकाच्या आवाजात ती बोलवून घेतली. लेण्यांमधून फिरताना कानात यंत्र लावून ऐकता यावी, एवढाच हेतू. पहिल्यांदा स्वतः ऐकत चाललो तेव्हा बत्तिसाव्या लेण्यापाशी आवाज म्हणाला, "इंद्रस्भा". स आणि भ एकमेकांना चिकटलेले. चार पावलं पुढे गेलो तर तोच आवाज म्हणाला, "जगन्नाथ सभा". अगदी स्वच्छ.

एकच आवाज, एकच शब्द. एकीकडे सभा नीट, दुसरीकडे स्भा. आधी वाटलं टंकताना माझीच चूक झाली असेल. मजकूर पाहिला तर दोन्हीकडे स, भा, अक्षरं तीच. फरक एवढाच की "जगन्नाथ सभा" मी दोन शब्दांत लिहिलं होतं आणि "इंद्रसभा" जोडून. ती एक मोकळी जागा उच्चार कसा बदलते याचा माग काढत गेलं की हिंदी बोलणाऱ्या यंत्रांचा सगळ्यात जुना प्रश्न समोर येतो. तो म्हणजे अ कुठे बोलायचा आणि कुठे गिळायचा.

देवनागरीत सुटं लिहिलेलं प्रत्येक व्यंजन पोटात एक अ घेऊन येतं. संस्कृतात तो अ उच्चारला जातोच. पंधराव्या लेण्याच्या मंडपावर राष्ट्रकूट दंतिदुर्गाच्या काळचा संस्कृत लेख आहे. तो कोरणाऱ्यासमोर हा प्रश्न नव्हता, कारण जिथे अ नको तिथे अक्षर जोडायचं, नाहीतर तो बोलायचा. पुढच्या शतकांत उत्तरेतल्या भाषांनी बोलताना कितीतरी अ टाकून दिले, पण लिहिणं तसंच ठेवलं. हिंदीत "राम" लिहितात आणि राम् म्हणतात, "जनता" लिहितात आणि जन्ता म्हणतात. आपणही मराठीत हेच करतो. "समजा" म्हणताना आपण सम्जा म्हणतो, आणि "समजलं" म्हणताना समज्लं. पहिल्यात म चा अ गेला, दुसऱ्यात तो राहिला आणि ज चा गेला. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि विचारलं तर चटकन सांगताही येत नाही. यंत्राला मात्र सांगावंच लागतं.

यंत्राला जो नियम सांगतात तो तसा सोपा आहे. शब्दाच्या शेवटचा अ टाका. मधला अ टाकायचा तो केव्हा? ज्या व्यंजनात तो आहे त्याच्या आधी लगेच एक स्वर असेल, आणि त्याच्या पुढे एक व्यंजन आणि त्या व्यंजनाला स्वर असेल तेव्हा. "जनता" घ्या. न च्या अ कडे पाहा. आधी ज चा अ आहे, पुढे ता आहे. दोन्ही अटी जुळल्या, अ गेला, उरलं जन्ता. मंजरी ओहाला यांनी हिंदीच्या ध्वनिव्यवस्थेवरच्या १९८३ सालच्या पुस्तकात या नियमाची नीट मांडणी केली. त्यानंतरचं जवळजवळ सगळं काम त्या मांडणीला धरून किंवा तिच्याशी वाद घालत झालं आहे.

नियमात एक बारीक पण निर्णायक गोष्ट आहे. तो शब्दाच्या शेवटाकडून सुरुवातीकडे, म्हणजे उजवीकडून डावीकडे चालवावा लागतो. हिंदीतला "समझना" पाहा. उजवीकडून आलो तर आधी झ चा अ भेटतो. त्याच्या आधी म चा अ, पुढे ना. तो गेला. आता म कडे आलो, तर त्याच्या पुढे झ्ना असं जोडलेलं आहे, अट जुळत नाही, म चा अ राहिला. उच्चार झाला समझ्ना, बरोबर. हाच नियम डावीकडून चालवला तर म चा अ आधी जाईल आणि सम्झना असं काहीतरी निघेल, जे हिंदीत कुणी म्हणत नाही. दिशा चुकली की शेकडो क्रियापदं चुकतात. म्हणून हे शहाणपण फार लवकर यंत्रांत आलं.

आता याच चष्म्यातून "इंद्रसभा" बघू. उजवीकडून पहिला भेटतो भा, त्याला काना आहे, तिथे काही करायचं नाही. मग स चा अ. त्याच्या आधी द्र चा अ आहे, म्हणजे स्वर. पुढे भा आहे, म्हणजे व्यंजन आणि स्वर. अट तंतोतंत जुळली. यंत्राने स चा अ टाकला आणि "इंद्रस्भा" तयार झालं. मग द्र कडे गेलं तर पुढे स्भा जोडलेलं, त्यामुळे तो अ वाचला. यंत्राने आपल्या नियमाप्रमाणे एकही पाऊल चुकीचं टाकलेलं नाही. "जगन्नाथ सभा" मध्ये स च्या आधी मोकळी जागा आहे. शब्दाच्या पहिल्या अक्षराआधी स्वर असूच शकत नाही, त्यामुळे अट जुळली नाही आणि सभा शाबूत राहिली.

माणूस इथे का चुकत नाही? कारण त्याला सांधा दिसतो. इंद्र आणि सभा हे दोन शब्द त्याला वेगवेगळे माहीत आहेत, आणि सभा हा शब्द कशालाही जोडला तरी तो सभाच राहतो. कागदावर मात्र त्या सांध्याची खूण नाही. यंत्राला इं, द्र, स, भा एवढीच चार अक्षरं दिसतात. कागदावर नसलेला आणि बोलणाऱ्याच्या डोक्यात असलेला हा सांधा म्हणजेच या सगळ्या प्रश्नाचं मूळ आहे, असं माझं मत झालं आहे. बाकीचे अपवाद आहेत, पण रोजच्या मजकुरात कान खटकतो तो बहुतेक वेळा सांध्यावर.

कोणते सांधे धोक्याचे हेही सांगता येतं. जोडशब्दाचा दुसरा भाग अ असलेल्या सुट्या अक्षराने सुरू होत असेल आणि त्यापुढे लगेच दुसरं स्वरयुक्त अक्षर असेल, तर सावध व्हायचं. सभा, पति, नगर, महल, सगळे याच घडणीचे. "ताजमहल" नियमाने चालवलं तर ताजम्हल होतं. "लोकसभा" चालवलं तर लोकस्भा होतं. यंत्रं हे दोन शब्द सहसा बरोबर म्हणतात. त्याचं कारण असं की असे नेहमीचे शब्द कुणीतरी आधीच अपवादांच्या यादीत घालून ठेवलेले असतात. इंद्रसभा त्या यादीत असण्याचं काही कारण नाही. उलट "राजकुमार" ला धोका नाही, कारण कुमारच्या क ला उकार आहे आणि उकार कुणी टाकत नाही.

या दृष्टीने आमच्या शहराच्या नावाइतका बोलका नमुना शोधून मिळणार नाही. २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. हिंदीत ते "छत्रपति संभाजीनगर" असं लिहितात. "औरंगाबाद" मध्ये टाकण्याजोगा मधला अ नव्हताच, त्यामुळे जुन्या नावाने कुठल्याही यंत्राला त्रास दिला नाही. नवं नाव दोन्ही शब्दांत अडखळवतं. "छत्रपति" मध्ये प चा अ पाहा. आधी त्र चा अ, पुढे ति. गेला. उरलं छत्रप्ति. "संभाजीनगर" मध्ये शेवटचा र चा अ जातो, ते ठीकच. ग चा अ राहतो, कारण त्याच्या पुढे आता फक्त र् उरला आहे, स्वर नाही. मग न चा अ. आधी जी, पुढे ग आणि त्याचा अ. गेला. उरलं संभाजीन्गर. एका नावात तीन शतकांचा इतिहास आहे आणि यंत्राच्या तोंडी ते छत्रप्ति संभाजीन्गर होतं, हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. ज्या यंत्रांचे शब्दसंग्रह २०२३ च्या आधी बांधले गेले, त्यांत हे नाव असण्याची शक्यता कमी. तिथे नियमावरच भिस्त राहते, आणि नियम सांध्यावर घसरतो.

अभ्यासकांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. सांध्यावर नियम चालत नाही हे ओहालांच्या मांडणीतच आहे. अडचण अशी की सांधा कुठे आहे हे यंत्राला कळायचं कसं? भुवना नरसिंहन, रिचर्ड स्प्रोट आणि जॉर्ज किराझ यांनी २००४ साली हिंदी वाचनयंत्राबद्दल लिहिताना आधी शब्दाची फोड करायची आणि मग नियम लावायचा ही वाट धरली. वाट बरोबर आहे, पण फोड करायला शब्दकोश हवा, उपसर्ग-प्रत्ययांची यादी हवी, आणि ती कधीच पुरी होत नाही. त्याच सुमारास मोनोजित चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा विचार मांडला. बोलणारा माणूस शब्द कमी अवयवांत उरकायला बघतो, त्यातून हा अ-लोप झाला, तेव्हा उच्चाराला जड जाणार नाही अशा बेताने अवयव कमी करत जायचं. हे वाचायला सुंदर आहे, पण इंद्रस्भा उच्चाराला जड नाही, म्हणून सांध्याचा प्रश्न तिथेही उरतो. २०२० साली आर्यमान अरोरा, ल्यूक गेस्लर आणि नेथन श्नायडर यांनी नियम बाजूला ठेवला. कोशांतून हिंदी शब्द आणि त्यांचे उच्चार गोळा केले आणि प्रत्येक अ च्या आजूबाजूची अक्षरं पाहून तो राहतो की जातो हे यंत्रालाच शिकू दिलं. आधीच्या नियमांपेक्षा हे सरस ठरलं, आणि तेच यंत्र पंजाबीवरही बऱ्यापैकी चाललं. सभा, पति अशी शेपटं पुन्हा पुन्हा दिसली की असं यंत्र सांधा न ओळखताही त्यांच्याशी जपून वागायला शिकतं, हा त्याचा मोठा गुण.

आताचे गोड आवाज याहीपुढे गेले आहेत. त्यांतले कित्येक अक्षरांवरून थेट ध्वनी बांधतात, मध्ये नियमाची पायरीच नाही. ते कमी चुकतात, पण चुकले तर का चुकले हे सांगता येत नाही. आणि तोच शब्द एका वाक्यात नीट, दुसऱ्यात बिघडलेला, असंही होऊ शकतं. मला विचाराल तर लेखनाने दुरुस्ती करू पाहणाऱ्याला जुनं नियमाचं यंत्र जास्त सोयीचं, कारण त्याची चूक दर वेळी तीच असते.

सांध्याचा दुसरा एक प्रकार सांगायला हवा, कारण तो फक्त समासात नसतो, प्रत्ययातही असतो. हिंदीत "धड़कन" म्हणजे धडधड. उच्चार धड़्कन, नियमाप्रमाणेच. त्याचं अनेकवचन "धड़कनें". नियम उजवीकडून आला की क चा अ पहिल्यांदा जातो आणि धड़क्नें होतं. खरा उच्चार मात्र धड़्कनें, कारण मूळ शब्द धड़्कन आणि त्याला अनेकवचनाचं एं लागलं. आता याच्या शेजारी "धड़कने" ठेवा, म्हणजे धडधडणं या क्रियापदाचं रूप. तिथे मूळ धड़क आणि प्रत्यय ने, म्हणून धड़क्ने हाच उच्चार बरोबर. दोन शब्दांत लेखी फरक शेवटच्या टिंबाचा, पण बोलताना अ एका अक्षरावरून दुसऱ्यावर उडी मारतो. टिंब टाकायला विसरलात तर यंत्र काय करील बिचारं, माणूससुद्धा वाक्य पाहूनच ठरवील. इथे पहिली दुरुस्ती म्हणजे शुद्ध लिहिणं, दुसरं काही नाही.

आता लेखनाने काय करता येतं ते पाहू. हाती येणारी साधनं थोडी आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

सगळ्यात भरवशाची ती मोकळी जागा. "इंद्र सभा", "संभाजी नगर", "छत्र पति". दुसऱ्या भागाचं पहिलं अक्षर आता शब्दाच्या सुरुवातीला आलं, त्याच्या अ ला कुणी हात लावत नाही. पण जागेला किंमत आहे. डावीकडच्या भागाचा शेवट आता शब्दाचा शेवट झाला. "लोक सभा" मध्ये ते हवंच आहे, लोक् म्हणायचंच होतं. "छत्र पति" मध्ये त्र जोडाक्षर असल्याने हिंदीत तो अ बहुधा टिकतो, पण ऐकून खात्री करावी लागते. शिवाय काही आवाज दोन शब्दांमध्ये किंचित थांबतात, किंवा दोन्हींवर वेगवेगळा जोर देतात, आणि नाव तुटल्यासारखं होतं.

संयोगचिन्हाचा पर्याय हिंदीच्या लेखननियमांनाही मंजूर आहे. केंद्रीय हिंदी निदेशालयाच्या नियमांत तत्पुरुष समासात एरवी ते चिन्ह नको, पण घोटाळा होण्याजोगा असेल तिथे द्यावं, असं आहे, आणि "भू-तत्व" हे उदाहरण आहे. चिन्ह काढलं की "भूतत्व" मध्ये भूत हा शब्द दिसायला लागतो. हा नियम वाचकाच्या डोळ्यांसाठी केलेला आहे, पण यंत्राचा प्रश्न अगदी तोच आहे, सांधा कुठे. तेव्हा "इंद्र-सभा" लिहिणं ही हिंदीची केलेली मोडतोड नाही. अडचण एवढीच की काही वाचकयंत्रं चिन्हाचं नावच मोठ्याने वाचतात, विशेषतः अंध वाचकांनी विरामचिन्हं ऐकण्याची पातळी वाढवून ठेवली असेल तर. न दिसणारं एक चिन्हही आहे, युनिकोडमधलं U+200C, जे अक्षरं सुटी ठेवायला वापरतात. ते टाकलं की डोळ्यांना शब्द अखंड दिसतो. पण कुणी यंत्र ते सांधा मानतं, कुणी गाळून टाकतं, आणि पुढे शोध घेताना शब्द सापडत नाही. मी ते वापरणं सोडलं.

उलट्या चुकीला, म्हणजे जिथे अ जायला हवा आणि यंत्र तो म्हणतं तिथे, हलन्त. हिंदीतला "अजनबी" नियमाने अजन्बी होतो, पण लोक म्हणतात अज्नबी. तेव्हा बोलण्यासाठी "अज्नबी" असंच लिहायचं. ज ला न जोडला की ज चा अ गेला आणि न च्या आधी लगेच स्वर न उरल्याने न चा अ आपोआप सुरक्षित झाला. "धड़्कनें" लाही हाच उपाय. एका अ ला ठार केलं की शेजारचा वाचतो, ही या नियमाची उपयोगी बाजू आहे.

पण अ राखण्यासाठी हिंदीत अक्षरच नाही. हलन्त "इथे अ नको" सांगतो, "इथे अ हवाच" सांगणारी खूण नाही. मराठीने निदान शब्दाच्या शेवटापुरती ती सोय करून घेतली आहे. "केलं", "असं", "घरं" यांवरचं टिंब नाकात बोलण्यासाठी नसतं, शेवटचा अ बोला हे सांगण्यासाठी असतं. म्हणूनच मराठी मजकूर हिंदी आवाजाला वाचायला देऊ नये. तो प्रत्येक केलंमध्ये नाक घालतो. हिंदीत काही जण अ राखायला काना देऊन बघतात, "संभाजीनागर". त्याने अ वाचतो पण नागर होतं, म्हणजे एक चूक काढून दुसरी घातली.

वेरूळच्या मजकुरात मला सगळ्यात छळलं ते "रावणानुग्रह" या शब्दाने. कैलास हलवणारा रावण आणि वर निश्चल शिव, हे शिल्प वेरूळला अनेक लेण्यांत आहे, कैलास लेण्यातलं तर सगळ्यांच्या ओळखीचं. नियमाने व चा अ जातो, कारण आधी रा आणि पुढे णा. उरतं राव्णानुग्रह. इथे सांध्यावर जागा देता येत नाही, कारण सांधा अक्षराच्या आतच आहे. रावण आणि अनुग्रह यांचे दोन अ मिळून णा चा काना झाला आहे. "रावण अनुग्रह" लिहिलं तर उच्चार बदलतो, संधी सुटते. "राव णानुग्रह" लिहिलं तर व शब्दाच्या शेवटी आला आणि त्याचा अ तिथेही गेला. मग लक्षात आलं की जागा सांध्यावरच द्यायची असं कुठे आहे? जो अ वाचवायचा तो शब्दाच्या पहिल्या अक्षरात आणला की झालं. "रा वणानुग्रह". अर्थाच्या दृष्टीने ही फोड वेडीवाकडी आहे, पण ऐकायला रावणानुग्रह नीट आला, रा नंतर जरासा थांबा सोडला तर.

तो थांबा मला सहन झाला नाही. म्हणून शेवटी उच्चारच लिहून दिला. बहुतेक वाचनयंत्रं एसएसएमएल नावाची खुणांची भाषा कमीअधिक समजतात. तिच्यात दोन खुणा या कामाच्या आहेत. एकीने दिसणारा शब्द आणि बोलायचा शब्द वेगळे ठेवता येतात, दुसरीने ध्वनी लिपीत थेट उच्चार देता येतो.

```xml
<sub alias="इंद्र सभा">इंद्रसभा</sub>
<phoneme alphabet="ipa"
  ph="raːʋəɳaːnugrəɦ">रावणानुग्रह</phoneme>
```

दुसऱ्या खुणेतला ə म्हणजे आपला हरवणारा अ. तो ʋ नंतर स्पष्ट लिहिला की नियमाचा प्रश्नच उरत नाही. मात्र सगळेच आवाज ही खूण मानत नाहीत. जो मानत नाही तो ती गुपचूप गाळतो आणि जुनाच उच्चार करतो, म्हणून खूण घातली म्हणजे काम झालं असं धरून चालता येत नाही.

पहिल्या खुणेत जे तत्त्व आहे ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बोलण्यासाठी वाकवलेलं लेखन वाचण्याच्या मजकुरात शिरू द्यायचं नाही. "अज्नबी" किंवा "रा वणानुग्रह" फलकावर छापलं तर ते अशुद्धच. दोन प्रती ठेवायच्या, एक डोळ्यांची आणि एक आवाजाची, आणि दोन्हींमधला फरक छोट्या यादीत लिहून ठेवायचा. एसएसएमएल नसेल तिथे बोलवायला देण्याआधी यादीतले शब्द बदलून घ्यायचे, साध्या शोधा-आणि-बदला ने. अंध वाचक वापरतात त्या एनव्हीडीए या मोफत वाचकयंत्रात शब्दांची अशी यादी स्वतःच भरता येते. पडद्यावरचा शब्द तसाच राहतो, उच्चार बदलतो.

अ खरंच गेला की आपल्यालाच तसं ऐकू आलं, हे ठरवायची एक पक्की रीत आहे. तीन गोष्टी लागोपाठ बोलवून घ्यायच्या. आधी शब्द आहे तसा, "इंद्रसभा". मग जागा देऊन, "इंद्र सभा". मग मुद्दाम चुकीचा, "इंद्रस्भा". पहिला आणि तिसरा सारखे वाटले तर अ गेला. पहिला आणि दुसरा सारखे वाटले तर उगाच हात लावू नका. एकटा शब्द ऐकून कान फसतो, कारण आपल्याला अपेक्षित उच्चार आपण मनात भरून घेतो. तिन्ही शेजारी ठेवले की फसत नाही. ईस्पीक एनजी हे लहान, खुलं यंत्र जवळ असेल तर न ऐकताही बघता येतं, कारण ते उच्चार लिहून दाखवतं:

```
espeak-ng -v hi -q --ipa "इंद्रसभा"
```

उत्तरात s आणि bʰ यांच्या मध्ये स्वर आहे की नाही, एवढंच पाहायचं. हे त्या एका यंत्राचं उत्तर असतं, तुमचा आवाज दुसऱ्या कंपनीचा असेल तर तो वेगळं म्हणू शकतो. आणि आवाजाची नवी आवृत्ती आली की यादी पुन्हा ऐकावी लागते. मागच्या वेळी जी दुरुस्ती गरजेची होती तिनेच या वेळी शब्द बिघडतो, कारण नव्या यंत्राला "इंद्रसभा" येत असते आणि आपण अजून जागा देत असतो. नव्या गोड आवाजांना हलन्त घातलेलं अनोळखी लेखन कधी कधी पचत नाही आणि त्या अक्षरापाशी ते अडखळतात. तिथे हलन्तापेक्षा जागा बरी.

सगळे अ राखणं म्हणजे शुद्ध, असा मात्र समज नको. "खुलताबाद" आणि "दौलताबाद" मध्ये ल चा अ जातो आणि तो जायलाच हवा. वेरूळहून परतताना हीच दोन गावं लागतात, आणि त्यांची नावं यंत्राने पहिल्या फटक्यात बरोबर घेतली. "देवगिरि" मध्ये व चा अ सांध्यावर असूनही हिंदी माणूस तो टाकतो, आपणही टाकतो. संस्कृत जाणणारे एक गृहस्थ ऐकून म्हणाले, "देवगिरी पूर्ण म्हणायला लाव." मी लावलं नाही. जिवंत माणसं जे म्हणतात ते यंत्राने म्हणावं. आणि "घृष्णेश्वर" मधला ऋ हिंदी आवाज रि म्हणतो, आपण रु. ती त्यांची रीत आहे, दुरुस्तीची जागा नाही.

माझ्या आवाजाच्या प्रतीत सध्या अकरा शब्द वेगळे लिहिलेले आहेत. आठांना नुसती जागा दिली आहे, दोनांना हलन्त, एकाला ध्वनी लिपी. परवा मजकुरात शिर्डीहून येणाऱ्यांसाठी रस्त्याचा एक परिच्छेद वाढवला, त्यात अहमदनगरचं २०२४ साली झालेलं नवं नाव आलं. न बोलवताच ते बाराव्या ओळीत लिहून टाकलं: अहिल्या नगर.